भरती एजन्सीचा करार एका पानावर

भरती एजन्सीशी होणारा करार एचआर आणि विधी विभाग वाचतात, त्यावर सह्या होतात आणि तो फाइलला लागतो. त्या कराराखाली प्रत्यक्ष माणूस निवडतो तो विभागप्रमुख, म्हणजे कंपनीतल्या बोलीत हायरिंग मॅनेजर. मुलाखत घेणे, रुजू होण्याची तारीख ठरवणे आणि एजन्सीच्या बिलावर मंजुरीची सही करणे ही कामे त्याच्याकडे असतात. त्याला सबंध करार पाठ असण्याची गरज नसते. फी किती टक्के, माणूस सोडून गेला तर बदली मिळेल का, हे पद एकाच एजन्सीकडे बांधलेले आहे का आणि पैसे कधी द्यायचे, एवढ्या चार गोष्टी त्याच्यासमोर हव्यात. या चारही गोष्टी एका पानावर मावतात. मात्र त्यांची कलमे एकमेकांवर अवलंबून असतात. ती सुटी सुटी उतरवून घेतली की सारांश फसतो.

फीपासून सुरुवात करावी. भारतात ८.३३ टक्के हा आकडा करारांत वारंवार दिसतो. वर्षाचा बारावा हिस्सा, म्हणजेच एका महिन्याचा पगार, हा त्याचा उगम. वरिष्ठ किंवा दुर्मीळ कौशल्याच्या पदांसाठी टक्केवारी याहून जास्त असते. पण टक्क्यांचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. तो कशावर लावायचा हे करारातल्या व्याख्यांच्या कलमात दडलेले असते. समजा, पुण्याजवळच्या एका कारखान्याला देखभाल अभियंता हवा आहे. त्याची वार्षिक सीटीसी १२ लाख रुपये असून त्यातले १ लाख २० हजार कामगिरीवर अवलंबून आहेत. फी पूर्ण सीटीसीवर असेल तर ती ९९,९६० रुपये होते. फक्त निश्चित पगारावर असेल तर ८९,९६४ रुपये. व्याख्येतल्या एका शब्दाने दहा हजारांचा फरक पडतो. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. म्हणून सारांशात ‘८.३३ टक्के’ एवढेच न लिहिता ‘निश्चित वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, अधिक जीएसटी’ असे पूर्ण लिहावे. किमान फीची अट असल्यास तीही त्याच ओळीत यावी.

दुसरी गोष्ट बदलीच्या हमीची. निवडलेला माणूस ठरावीक मुदतीत सोडून गेला तर एजन्सी नवी फी न घेता दुसरा उमेदवार देते, असे हे कलम सांगते. मुदत बहुधा ६० किंवा ९० दिवसांची असते. इथे तीन प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतात. मुदत कोणत्या घटनेला संपते, राजीनाम्याला की कामाच्या शेवटच्या दिवसाला? हमी कोणत्या कारणांसाठी लागू नाही? आणि बदली मिळालीच नाही तर पैसे परत मिळतात, की पुढच्या भरतीत वळते होतात?

पहिला प्रश्न किरकोळ वाटतो, पण खर्च तिथेच ठरतो. वरच्या उदाहरणातला अभियंता १ जूनला रुजू झाला आणि हमी ९० दिवसांची आहे, असे धरू. रुजू होण्याचा दिवस मोजल्यास ही मुदत २९ ऑगस्टला संपते. त्याने २० ऑगस्टला राजीनामा दिला आणि एक महिन्याची नोटीस पाळली. करारात ‘राजीनामा दिल्याची तारीख’ असेल तर हमी लागू आहे. ‘सेवा सोडल्याची तारीख’ असेल तर ती सप्टेंबरमध्ये पडते आणि हमी गेली. कारणांचेही असेच आहे. कंपनीनेच पद रद्द केले, कामाचे स्वरूप किंवा ठिकाण बदलले किंवा कर्मचारीकपात केली, तर बहुतेक करारांत बदली मिळत नाही. शिवाय माणूस गेल्याची लेखी सूचना ठरलेल्या दिवसांत एजन्सीला द्यावी लागते आणि बदली बहुधा एकदाच मिळते.

तिसरी गोष्ट एकाधिकाराची. काही करारांत पद एका एजन्सीकडे ठरावीक काळ बांधलेले असते, उदाहरणार्थ पहिले ३० दिवस. त्या काळात दुसऱ्या एजन्सीला तेच पद देता येत नाही. मात्र कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून आलेला अर्ज किंवा कर्मचाऱ्याने सुचवलेला ओळखीतला माणूस या अटीतून वगळला आहे का, हे स्वतंत्रपणे पाहावे लागते. वगळलेला नसेल तर सहकाऱ्याने सुचवलेल्या माणसालाही फी लागू शकते.

एकाधिकार नसला तरी उमेदवारावरच्या हक्काचे कलम असतेच. एजन्सीने एखाद्याचा बायोडेटा पाठवला की पुढचे सहा किंवा बारा महिने तो माणूस कोणत्याही मार्गाने, कोणत्याही पदावर घेतला तरी फी द्यावी लागते, असा त्याचा अर्थ. दोन एजन्सींनी एकच बायोडेटा पाठवल्यास ज्याचा ईमेल आधी पोहोचला त्याचा हक्क, असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो. म्हणून एजन्सीचा बायोडेटा आल्यावर तो उमेदवार आधीच कंपनीच्या नोंदीत असेल, तर तसे ताबडतोब लेखी कळवावे, ही सूचना सारांशात हवीच.

चौथी गोष्ट पैसे देण्याची वेळ. फी कोणत्या घटनेने देय होते ते आधी पाहावे: उमेदवाराने ऑफर स्वीकारल्यावर, की तो रुजू झाल्यावर? ऑफर स्वीकारूनही माणूस न येणे ही नेहमीची बाब असल्याने कंपनीच्या दृष्टीने रुजू होणे हीच योग्य घटना. त्यानंतर बिलाची मुदत. ३० दिवस बिलाच्या तारखेपासून मोजायचे की बिल मिळाल्यापासून, हेही लिहून ठेवावे. एजन्सी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल तर २००६च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. करारात ६० दिवस लिहिले असले तरीही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते.

चारही कलमे जोडली जातात ती इथेच. हमीच्या कलमात बहुधा शेवटी एक उपवाक्य असते: ‘बिल मुदतीत चुकते केले असल्यासच’. अभियंत्याचे बिल ५ जूनचे, मुदत ३० दिवसांची, म्हणजे ५ जुलैपर्यंत. मंजुरीची सही टेबलावर पडून राहिली आणि पैसे १४ जुलैला गेले. ऑगस्टमध्ये अभियंत्याने राजीनामा दिला तेव्हा तारखेने हमी जिवंत होती, पण नऊ दिवसांच्या उशिराने ती आधीच संपली होती. कारखान्याला नव्या भरतीसाठी पुन्हा पूर्ण फी द्यावी लागते.

या उदाहरणातल्या कराराचा सारांश असा होईल. फी: निश्चित वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, अधिक जीएसटी. बदली: रुजू झाल्यापासून ९० दिवसांत राजीनामा दिल्यास एकदा, बिल वेळेवर भरले असेल आणि सात दिवसांत लेखी कळवले असेल तरच. एकाधिकार: पहिले ३० दिवस; कर्मचाऱ्यांच्या शिफारशी वगळून. पैसे: रुजू झाल्यावर बिल, बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत.

प्रत्येक ओळीपुढे मूळ कलमाचा क्रमांक द्यावा. परिशिष्टात किंवा नंतरच्या ईमेलमध्ये त्या पदासाठी वेगळा दर मान्य झाला असेल तर दोहोंपैकी काय ग्राह्य, हे करारातच सांगितलेले असते. ते तपासूनच आकडा लिहावा. करार एखाद्या मुद्द्यावर गप्प असेल तर सारांशात ‘उल्लेख नाही’ असे नोंदवावे, अंदाजाने रकाना भरू नये. वाद झाला तर सारांश कोणी वाचत नाही, करारच वाचला जातो.