शून्यावर न बसलेला कोन

कोनमापक वापरायला शिकताना शाळेत एक सवय लागते. एक भुजा शून्यावर बसवायची आणि दुसरी जिथे येईल तो आकडा लिहायचा. वस्तू हातात असते तोवर ही सवय सोयीची आहे. फोटोत मात्र वस्तू हलवता येत नाही. तिची एक कड चाळिसावर आणि दुसरी शंभरावर दिसत असेल, तर घाईत उत्तर लिहिले जाते: 100 अंश.

कंपासपेटीतल्या लांबट गुण्याचेच उदाहरण घेऊ. त्याचा एक कोपरा 60 अंशांचा असतो हे आपल्याला आधीच ठाऊक आहे. हा कोपरा कोनमापकाच्या केंद्रावर ठेवून फोटो काढला आणि कडा 40 आणि 100 वर आल्या, तर कोन म्हणजे या दोन आकड्यांमधला फरक: 100 वजा 40, म्हणजे 60. एक भुजा शून्यावर असते तेव्हाही आपण वजाबाकीच करत असतो. फक्त वजा करायचा आकडा शून्य असल्याने ती जाणवत नाही.

खरी गफलत होते ती आकड्यांच्या दोन ओळींमुळे. अर्धवर्तुळाकार कोनमापकावर एक ओळ उजवीकडून वाढत जाते आणि दुसरी डावीकडून. त्यामुळे एकाच रेघेवर दोन आकडे असतात आणि त्यांची बेरीज 180 होते. आपल्या फोटोत 40 च्या रेघेवर 140 आहे आणि 100 च्या रेघेवर 80. दोन्ही आकडे दुसऱ्या ओळीतले घेतले तरी 140 वजा 80 म्हणजे 60 च येतात. म्हणजे ओळ कोणतीही चालेल, पण दोन्ही कडांना तीच हवी. एका कडेला 40 आणि दुसऱ्या कडेला 80 वाचले, तर कोन 40 अंशांचा ठरतो आणि वजाबाकी बिनचूक असूनही उत्तर चुकते.

ही चूक पकडायला मधली 90 ची रेघ उपयोगी पडते. आपल्या फोटोत एक कड तिच्या एका बाजूला 50 अंशांवर आहे आणि दुसरी पलीकडच्या बाजूला 10 अंशांवर. कडा दोन बाजूंना असल्याने बेरीज करायची: 60. दोन्ही कडा एकाच बाजूला असत्या तर वजाबाकी केली असती. शिवाय नजरेलाही विचारावे. कोपरा काटकोनापेक्षा लहान दिसत असताना उत्तर 100 येऊच शकत नाही.

वजाबाकी लागू पडायला एक अट मात्र आहे: वस्तूचा कोपरा कोनमापकाच्या केंद्रावरच हवा. केंद्र म्हणजे प्लास्टिकची खालची कड नव्हे. ते बहुधा त्या कडेच्या थोडे वर, शून्याच्या रेघेवर असते. समजा, कोनमापकाची त्रिज्या 5 सेंटिमीटर आहे आणि गुण्या 40 च्या रेघेवरूनच 3 मिलिमीटर पुढे सरकला. पहिली कड 40 वरच राहील, पण दुसरी 100 ऐवजी सुमारे 97 वर दिसेल आणि कोन 57 भरेल. फोटोत हे तपासायचे तर दोन्ही कडांवर कागदाची सरळ कड धरून त्या वाढवाव्यात. वाढवलेल्या रेषा केंद्रावर छेदल्या तरच आकड्यांवर विश्वास ठेवावा. गुण्याचे टोक झिजून गोल झाले असले तरी बिघडत नाही, कारण महत्त्व रेषांच्या छेदाला आहे. कड आकड्यांपर्यंत पोचत नसेल, तर तीही अशीच वाढवून वाचावी.

उरतो प्रश्न कॅमेऱ्याचा. फोटो तिरका काढला की कोनमापक लंबवर्तुळासारखे दिसते. तरीही पातळ कागदाचा तुकडा आकड्यांना टेकून असेल तर वाचन बिघडत नाही, कारण कागद आणि रेघा दोन्ही सारख्याच तिरक्या होतात. पडद्यावर दिसणारा कोन वेगळ्या साधनाने मोजला तर मात्र उत्तर चुकेल. जाड वस्तूचे तसे नाही. तिची वरची कड आकड्यांच्या वर उचललेली असते आणि बाजूने पाहिले की ती सरकलेली दिसते. 3 मिलिमीटर जाडीची वस्तू 45 अंशांतून पाहिली तर कड 3 मिलिमीटर सरकते, आणि ती आडवी सरकली तर याच कोनमापकावर तो फरक तीन अंशांहून अधिक होतो. उपाय सोपा आहे: कॅमेरा केंद्राच्या बरोबर वर धरावा. मग उचललेली कड केंद्रापासून सरळ बाहेरच्या दिशेने सरकते, म्हणजे आपल्याच रेघेवर राहते.

एवढे सांभाळूनही अंशाअंशाच्या खुणा असलेल्या कोनमापकावर प्रत्येक वाचनात अर्ध्या अंशाची चूक संभवते, आणि वाचने दोन असल्याने फरकात एक अंशापर्यंत. म्हणून अशा फोटोवरून 60.3 अंश लिहिण्यात अर्थ नाही. ‘सुमारे 60 अंश’ हेच प्रामाणिक उत्तर.