पाड्याचा पत्ता आकड्यांत : फोनच्या नकाशावर पिन कशी लावावी

पाड्यावर राहणाऱ्या माणसाला कोणी पत्ता विचारला, की तो गावाचे नाव सांगतो, पाड्याचे नाव सांगतो आणि मग म्हणतो, "शाळेच्या पुढे, चिंचेपासून खाली उतरा." गावातल्या माणसाला एवढे पुरते. पण रात्री बाळंतीणीसाठी तालुक्याहून निघालेल्या १०८ च्या चालकाला ती चिंच माहीत नसते. पाटीलपाडा म्हणावे, तर त्या नावाचे पाडे एकाहून अधिक गावांत आहेत. पिनकोडही उपयोगाचा नाही, कारण एकाच पिनकोडखाली कितीतरी गावे येतात. अशा वेळी फोनच्या नकाशातून मिळणारे दोन आकडे कामी येतात. ज्यांच्या हाती स्मार्टफोन पहिल्यांदाच आला आहे, त्यांना मी पाड्यावर बसून जसे दाखवतो, तसेच इथे लिहितो.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. पिनकोड हा टपालाचा आकडा. बँकेच्या कार्डाचा पिन हा गुप्त आकडा, तो कोणालाच सांगायचा नाही. नकाशावरची पिन या दोन्हींपेक्षा वेगळी आहे. आपण भिंतीवरच्या नकाशात टाचणी टोचतो, तशी ही फोनच्या नकाशातली लाल टाचणी.

पिन लावणे

बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये Google Maps हे अ‍ॅप आधीपासून असते. ते उघडण्यापूर्वी पडद्याच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढा आणि Location हे बटण चालू करा. मग घराबाहेर, मोकळ्या आभाळाखाली येऊन अ‍ॅप उघडा. नकाशावर निळा ठिपका दिसेल. तो म्हणजे तुम्ही जिथे उभे आहात ती जागा. ठिपका दिसत नसेल, तर पडद्याच्या उजव्या बाजूला खाली असलेल्या गोल चिन्हावर एकदा बोट टेकवा. नकाशा तुमच्या जागेवर येईल.

ठिपक्याभोवती कधी कधी फिकट निळे वर्तुळ दिसते. त्याचा अर्थ असा, की फोनला तुमची नेमकी जागा अजून कळलेली नाही. या वर्तुळात तुम्ही कुठेतरी आहात, एवढेच तो सांगतो आहे. पत्र्याच्या घरात, दाट झाडीत किंवा डोंगराच्या कुशीत हे वर्तुळ मोठे राहते. मोकळ्यावर एक-दोन मिनिटे थांबलात, की ते आक्रसते. ते लहान झाल्यावरच पुढचे काम करा. उघड्यावर चांगला फोन साधारण पाच मीटरच्या आत जागा दाखवतो, म्हणजे अंगणापर्यंत.

आता दोन बोटे नकाशावर टेकवून एकमेकांपासून लांब न्या. नकाशा मोठा होईल. निळ्या ठिपक्यावर किंवा हव्या त्या जागेवर एक बोट टेकवा आणि न उचलता, न सरकवता दोन सेकंद दाबून ठेवा. लाल पिन उभी राहते आणि खाली Dropped pin असे शब्द येतात. फोनची भाषा मराठी असेल, तर शब्द मराठीत दिसतील, कृती तीच. नवख्या माणसाचे बोट बहुधा लगेच उचलले जाते आणि पिन येत नाही. किंवा बोट शाळा, दुकान अशा नाव असलेल्या जागेवर पडते आणि पिनऐवजी त्या दुकानाची माहिती उघडते. तसे झाले तर मागे या, नकाशा आणखी मोठा करा आणि जिथे काही लिहिलेले नाही अशा जागी दाबा.

पिन घरावरच पडली का, हे पाहायचे असेल तर वरच्या बाजूला एकावर एक ठेवलेल्या चौकोनांचे चिन्ह आहे, ते दाबून Satellite निवडा. वरून घेतलेले छायाचित्र दिसेल. त्यात घरांची छपरे, शेताचे बांध, विहीर ओळखू येते. त्याला इंटरनेट लागते, म्हणून हे काम नेटवर्क असेल तेव्हाच उरका.

आकडे वाचणे

पिन लागली, की वरच्या शोधायच्या चौकटीत किंवा खालची पट्टी वर ओढल्यावर दोन आकडे दिसतात. जव्हार तालुक्यातल्या एखाद्या पाड्याच्या रस्त्याचे उदाहरण घेऊ :

```
19.8794, 73.2651
```

पहिला आकडा अक्षांश. विषुववृत्तापासून आपण किती अंश उत्तरेला आहोत, हे तो सांगतो. दुसरा रेखांश, म्हणजे लंडनमधल्या ग्रीनिचपासून आपण किती अंश पूर्वेला आहोत. या दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे आपला पाडा.

टिंबानंतरचे आकडे जसजसे पुढे जातात, तशी जागा नेमकी होत जाते. आपल्या भागात टिंबानंतरचा पहिला आकडा एकाने बदलला, तर जागा सुमारे ११ किलोमीटर सरकते, दुसरा बदलला तर सुमारे एक किलोमीटर, तिसरा बदलला तर शंभर मीटरच्या आसपास आणि चौथा बदलला तर दहा मीटरच्या आसपास. फोन सहा-सात आकडेही दाखवतो, पण घर शोधायला टिंबानंतरचे चार पुरतात. मात्र आधीच्यांत चूक नको. वरच्या उदाहरणात 19.8794 ऐवजी कोणी 19.8194 लिहून घेतले, तर गाडी साडेसहा किलोमीटर दक्षिणेला जाईल.

म्हणून फोनवर सांगताना एकेक अंक सुटा सांगावा. "त्र्याहत्तर" आणि "त्रेसष्ट" खराखर करणाऱ्या लाइनवर सारखेच ऐकू येतात. "सात, तीन, पॉइंट, दोन, सहा, पाच, एक" असे म्हणावे आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्यावे. यात एक सोय अशी, की ज्याच्याकडे इंटरनेट नाही तोही साध्या कॉलवरून हे आकडे सांगू शकतो. ऐकणाऱ्याने ते अ‍ॅपच्या शोधायच्या चौकटीत अक्षांश आधी, मग स्वल्पविराम, मग रेखांश असे टाकायचे, की त्याच्या फोनवर तीच पिन उभी राहते.

आकडे बरोबर आहेत का, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. महाराष्ट्रात कुठेही असाल तरी पहिला आकडा १५ ते २२ च्या दरम्यान असतो आणि दुसरा ७२ ते ८० च्या घरात. उलटे टाकलेत, तर पिन थेट नॉर्वेच्या उत्तरेकडच्या समुद्रात पडते! काही कागदांवर 19°52'45.8"N असेही लिहिलेले असते. जागा तीच, लिहिण्याची रीत वेगळी. त्यातले ५२ म्हणजे मिनिटे, आणि साठ मिनिटांचा एक अंश. त्यामुळे ते 19.52 असे वाचू नये, नाहीतर चाळीसएक किलोमीटरचा फरक पडतो. जसे लिहिले आहे, तसेच चिन्हांसकट टाकावे.

एका पाड्याच्या दोन पिना

इथवरचे बहुतेकांना अर्ध्या तासात येते. पण घरावर लावलेली पिन गाडीला नेहमीच घरापर्यंत आणत नाही. अ‍ॅपला आपल्या पायवाटा फारशा माहीत नसतात. ज्या घरापर्यंत रस्ता नाही, तिथे जायला सांगितले, की ते पिनच्या जवळात जवळ असलेला, त्याला ठाऊक असलेला रस्ता शोधते आणि गाडी तिथे नेऊन उभी करते. तो रस्ता ओहोळाच्या पलीकडच्या काठाचा असेल, तर चालकाला समोर घरांचे दिवे दिसतात, पण येता येत नाही.

म्हणून प्रत्येक पाड्याच्या दोन पिना लावाव्यात. पहिली गाडीची पिन, म्हणजे जिथवर चारचाकी खरोखर येते आणि वळवता येते ती जागा. दुसरी घराची पिन. आपल्या उदाहरणात त्या अशा :

```
गाडी : 19.8794, 73.2651
घर   : 19.8846, 73.2583
```

या दोन जागांत सरळ रेषेत सुमारे ९०० मीटर अंतर आहे. चढउताराची पायवाट त्याहून जास्त भरणार. चालकाचा फोन आला, की त्याला फक्त गाडीचे आकडे द्यायचे. दोन्ही दिलेत, तर तो घाईत घराचेच टाकेल. बाईला डोलीतून किंवा खाटेवरून त्या जागेपर्यंत आणायला माणसे आणि वेळ किती लागेल, हे पाड्यावरच्यांनी आधीच ठरवून ठेवावे. घराचे आकडे परिचारिकेला, आशाताईला किंवा पायी येणाऱ्याला द्यावेत.

फरशी पूल पाण्याखाली जात असेल, तर पावसाळ्यात गाडी अलीकडेच थांबते. तिथे स्वतः उभे राहून तिसरी पिन लावा आणि तिच्यापुढे "पावसाळा" असे लिहा. घरी बसून अंदाजाने लावू नका.

पिन लावून झाली, की खालच्या Save वर दाबून ती ठेवता येते आणि Share वर दाबून व्हॉट्सअ‍ॅपने पाठवता येते. तरीही आकडे कागदावर उतरवाच, कारण फोनची बॅटरी संपते आणि लिंक उघडायला इंटरनेट लागते. फोनमधले जीपीएस उपग्रहांकडून जागा ओळखते, त्याला इंटरनेट लागत नाही. पण खालचा नकाशा मात्र इंटरनेटवरून येतो. म्हणून तालुक्याला गेलात, की अ‍ॅपमध्ये वर उजवीकडच्या आपल्या गोल चित्रावर दाबून Offline maps मध्ये आपल्या तालुक्याचा नकाशा उतरवून घ्या. मग नेटवर्क नसतानाही रस्ते दिसतात.

शेवटी पडताळा. लिहिलेले आकडे दुसऱ्याच्या फोनवर टाकून पाहा. पिन त्याच वळणावर पडली, तरच तो कागद अंगणवाडीच्या भिंतीवर आणि आशाताईंच्या वहीत लावा. कागदावर पाड्याचे नाव, गाडीचे आकडे, पावसाळ्याचे आकडे आणि रस्त्यावर कंदील किंवा बॅटरी घेऊन उभा राहणाऱ्याचा फोन नंबर, एवढे असू द्या. आकडे गाडीला त्या वळणापर्यंत आणतील. तिथून पुढची वाट आपल्यापैकी कोणीतरी दाखवायची आहे.