पाव किलोचे वजन कुठे आहे?

भाजीवाल्याच्या तागडीशेजारी लोखंडी वजने मांडलेली असतात. किलोचे, ५०० ग्रॅमचे, २००चे, १००चे, ५०चे. दिवसभर सगळे गिऱ्हाईक ‘पाव मिरची द्या, पाव गवार द्या’ म्हणत असते, पण पाव किलोचे म्हणून एकच वजन त्या रांगेत सापडत नाही. आपल्याकडची प्रमाणित वजने १, २, ५ या क्रमाने बनतात, त्यात २५० बसत नाही. म्हणून भाजीवाला २००चे आणि ५०चे वजन एकत्र ठेवतो. पाऊण किलो मागितले की त्यांच्या जोडीला ५००चे येते. अर्ध्यात पाव मिळवला की पाऊण, हे समीकरण तागडीच्या पारड्यात रोज मांडले जाते.

तिसरी-चौथीच्या मुलांसाठी अपूर्णांकांची शाब्दिक उदाहरणे रचायची, तर सुरुवात इथूनच करावी. भाकरीचे तुकडे आणि वर्तुळाचे रंगवलेले भाग पुस्तकात भरपूर असतात. बाजारात मात्र अपूर्णांक तोंडी चालतो, आणि मराठीत त्याला स्वतःची नावे आहेत: पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. जुन्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ केली ती याच हिशेबांसाठी.

या नावांत एक खोच आहे. ‘सव्वादोन’ म्हणजे दोन आणि वर पाव, पण ‘पावणेदोन’ म्हणजे दोनाला पाव कमी. मुलाच्या कानाला ‘पावणेदोन’मध्ये ‘पाव’ आणि ‘दोन’ ऐकू येतात, म्हणून ‘पावणेदोन किलो बटाटे’ लिहायला सांगितले की वहीत २ १/४ उमटते. ‘साडे’चेही तसेच. साडेतीन, साडेचार म्हणता येते, मग साडेदोन का नाही, असे मुले विचारतात. दीड आणि अडीच यांनी ती जागा आधीच अडवली आहे, एवढेच उत्तर. पहिली काही उदाहरणे म्हणूनच निव्वळ भाषांतराची असावीत. पावणेदोन किलो म्हणजे किती ग्रॅम? उत्तर १७५० ग्रॅम. मुलाने २२५० लिहिले, तर त्याचे गणित नव्हे, शब्द चुकला आहे.

यानंतर बेरीज. आईने अर्धा किलो वांगी आणि पाव किलो मिरच्या घेतल्या, तर पिशवीत एकूण किती वजन? वर्गातली ठरलेली चूक म्हणजे वरचा अंक वरच्यात आणि खालचा खालच्यात मिळवणे: १/२ आणि १/४ मिळून २/६. फळ्यावर ही चूक समजावताना समच्छेदाचा नियम सांगावा लागतो, आणि नियम ऐकूनही मूल पुन्हा तेच करते. पिशवी समोर असली की काम सोपे होते. २/६ म्हणजे १/३, आणि ते अर्ध्यापेक्षा कमी. मिरच्या टाकल्यावर पिशवी हलकी झाली का? वांगी तेवढीच आहेत, मग मिरच्यांनी काय केले? अर्धा म्हणजे दोन पाव, त्यात आणखी एक, झाले तीन पाव. समच्छेद करणे ते हेच, फक्त छेदाचे नाव ‘पाव’ आहे.

किलोच्या हिशेबात तृतीयांशाला मात्र जागा नाही. ‘एक तृतीयांश किलो तूरडाळ द्या’ असे कोणी म्हणत नाही, आणि तसे उदाहरण दिले की मुलांना ते खोटे वाटते. तिथे डझन कामाला येतो. केळी डझनावर मिळतात, आणि १२ला २, ३, ४, ६ या सगळ्यांनी नि:शेष भाग जातो. डझनाचा १/३ म्हणजे ४ केळी, ३/४ म्हणजे ९, १/६ म्हणजे २. भावाच्या उदाहरणांतही आकडा जपून निवडावा लागतो. ४० रुपये किलोचे टोमॅटो पाऊण किलो घेतले तर ३० रुपये होतात. भाव ५० धरला की साडेसदतीस, आणि चौथीतले मूल अपूर्णांक सोडून पैशांत अडकते.

सगळ्यात जास्त मुले घसरतात ती ‘उरलेल्याचा’ या शब्दावर. एक उदाहरण घेऊ. आजोबांनी बाजारात १२० रुपये नेले. निम्म्या पैशांची भाजी घेतली. उरलेल्या पैशांच्या १/४ रकमेची फळे घेतली. तर किती रुपये शिल्लक राहिले?

भाजीला ६०, उरले ६०. त्यांचा १/४ म्हणजे १५, फळे झाली. शिल्लक ४५. उत्तरसूचीत फक्त ‘४५’ छापले, तर पालकाला बरोबर की चूक एवढेच कळते. मुलाने ३० लिहिले, तर त्याने १/४ हा १२०चा काढला आहे. ‘उरलेल्या’ शब्द वाचून सोडून दिला. १५ लिहिले, तर हिशेब ठीक आहे, पण फळांच्या किमतीशी थांबला, शेवटचा प्रश्न वाचलाच नाही. ८० लिहिले, तर १/२ आणि १/४ यांची वरखाली बेरीज करून २/६ काढले, १२०तून त्याचे ४० वजा केले. म्हणजे मिरच्यांची जुनी चूक परत आली. तीन चुका, तीन वेगळी उत्तरे. सूचीत प्रत्येक आकड्यापुढे एक ओळ लिहिली की गणित न आवडणारे आई-बाबाही मूल कुठे अडकले ते सांगू शकतात.

हे आपोआप होत नाही. याच उदाहरणात १/४ऐवजी १/३ ठेवून पाहावे. फळे २० रुपयांची, शिल्लक ४०. ज्याने १२०चा तिसरा भाग काढला, त्याची फळे ४०ची आणि शिल्लक २०. आता वहीत २० दिसले, तर मूल फळांच्या किमतीशी थांबले की ‘उरलेल्या’ विसरले, हे सांगता येत नाही. दोन चुका एकाच आकड्यावर येऊन मिळाल्या. असे उदाहरण बाद करावे, नाहीतर मुलाला पायऱ्या लिहायला लावाव्यात.

बाजार मात्र पुस्तकासारखा सरळ वागत नाही. पाटीवर ‘कांदे ४० रुपये किलो’ असते आणि विचारले तर पाव बाराला मिळतो. पावचे चार घेतले तर किलो ४८ला पडला. हाच प्रश्न मुलांना द्यावा: आजीला पाऊण किलो कांदे हवे आहेत, किती पैसे द्यावे लागतील? किलोच्या भावाने ३०, पावच्या भावाने ३६. इथे सूचीत दोन्ही उत्तरे हवीत, आणि कोणत्या भावाने काढले ते मुलाने लिहायला हवे. एखादी चलाख मुलगी म्हणेल, की ३६ला तीन पाव घेण्यापेक्षा आणखी ४ रुपये घालून आजीने किलोच घ्यावा. तिच्यासाठी सूचीत तिसरी ओळ ठेवावी: शेवटचा पाव ४ रुपयांना पडला.