तीनशे ग्रॅम तांदूळ

महाराष्ट्रात शाळेचे शिक्षक अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतात. पूर्वी शाळेत नाव घालताना अनेकांची जन्मतारीख एक जून लावली जाई. ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणून बरेच गुरुजी आणि बाई 31 मे रोजी, ऐन सुट्टीत निवृत्त होतात, आणि मुलांसमोर निरोप घ्यायचा तर समारंभ एप्रिलमध्येच उरकावा लागतो.

अशाच एका जिल्हा परिषद शाळेतल्या मुख्याध्यापिकेचं निरोपाचं भाषण मी ऐकलं. त्या बोलायला उठल्या तेव्हा पाहुण्यांची भाषणं ऐकून मुलं कंटाळली होती. मूल्यशिक्षणाची वक्तशीरपणा, श्रमप्रतिष्ठा, सौजन्यशीलता अशी दहा मूल्यं परिपाठामुळे मुलांना तोंडपाठ असतात. ती पुन्हा ऐकवली असती, तर मुलं बसल्या जागी पेंगली असती. त्या दहांत प्रामाणिकपणा वेगळा नोंदवलेला नाही. बाई नेमक्या त्यावर बोलल्या, आणि तेही हा शब्द न उच्चारता.

त्यांनी विचारलं, "पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या मुलाला तांदूळ किती?"

"शंभर ग्रॅम!" मुलं ओरडली.

मग त्यांनी एक प्रसंग सांगितला. एकदा सकाळच्या हजेरीत पहिली ते पाचवीची त्रेचाळीस मुलं होती. त्याप्रमाणे चार किलो तीनशे ग्रॅम तांदूळ काढला जात होता. तेवढ्यात चौथीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, तीन जण मधेच घरी गेलेत." पुन्हा मोजणी झाली. चाळीस भरली. चार किलोच तांदूळ शिजला आणि नोंदवहीत चाळीसच लिहिले.

"त्रेचाळीस लिहिले असते तर कुणाला कळलं असतं?" बाईंनी विचारलं. मुलं गप्प. मग त्यांनी फळ्यावर गणित मांडलं: रोज तीनशे ग्रॅम, महिन्याचे चोवीस दिवस, म्हणजे सात किलो दोनशे ग्रॅम. इतका तांदूळ कागदावर खाल्लेला आणि पोत्यात शिल्लक. "आता तो जाणार कुठे?" पाठीमागे बसलेले पालकही सावरून बसले.

मला या भाषणातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटली ती ही, की बाईंनी श्रेय त्या मुलीला दिलं. मोठ्यांचा आकडा चुकतोय हे मुलानं भर व्हरांड्यात सांगावं आणि मुख्याध्यापिकेनं ते ऐकून पुन्हा मोजावं, असं ज्या शाळेत चालतं तिथंच मूल खरं बोलायला शिकतं. जिथं अशा मुलाला "गप्प बस" ऐकावं लागतं, तिथं परिपाठातला सुविचार फळ्यावरच राहतो.

शेवटी त्यांनी सातवीच्या मुलांना काम नेमून दिलं. चार्ज देताना नव्या सरांसमोर साठा नोंदवहीतला आकडा वाचायचा, पोती वजनकाट्यावर ठेवायची आणि दोन्ही जुळल्यावरच बाईंना सही करू द्यायची.