‘काल रात्री निधन’ म्हणजे नेमके कधी?

जुन्या ट्रंकेत, पोथीच्या पानांत किंवा देवघराच्या खणात जपलेले पिवळे कात्रण वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या बऱ्याच घरांत निघते. वंशावळ लिहायला बसलेला माणूस ते पुराव्यासारखे हाती धरतो. पण निधनवार्तेत दोन वेगवेगळ्या दर्जाची माहिती एकत्र छापलेली असते, हे आधी ध्यानात घ्यावे. माणूस गेला कधी, अंत्यसंस्कार कुठे झाले, ही माहिती त्याच दिवसाची आणि डोळ्यांदेखतची असते. जन्म, शिक्षण, नोकरी, वय ही माहिती मात्र दुःखाच्या घाईत कुणीतरी पुतण्या किंवा शेजारी वार्ताहराला तोंडी सांगतो. त्याने स्वतः ती कधी पडताळलेली नसते. म्हणून मृत्यूपासून जितके मागे जावे, तितका त्या बातमीवरचा भरवसा कमी करत जावा.

नमुन्यासाठी एक काल्पनिक कात्रण घेऊ. अकोल्याहून निघणाऱ्या दैनिकाचा सोमवार, २१ मार्च १९९४ चा अंक. मजकूर असा : ‘मालेगाव, दि. १८ (वार्ताहर) – येथील सेवानिवृत्त मुख्याध्यापकांचे काल रात्री वयाच्या ८१ व्या वर्षी वृद्धापकाळाने निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, तीन मुली, सुना, नातवंडे असा आप्तपरिवार आहे.’

पहिली चूक वाचणाऱ्याचीच होते. अंक २१ तारखेचा, म्हणून ‘काल’ म्हणजे २० मार्च, असे तो लिहून मोकळा होतो. पण बातमीतला ‘काल’ आणि ‘आज’ हे गावाच्या नावापुढे छापलेल्या तारखेपासून मोजायचे असतात. वार्ताहराने मजकूर १८ तारखेला लिहिला, पाकिटातून किंवा एस.टी.ने तो अकोल्याला पोहोचला आणि जागा मिळाली तेव्हा छापला गेला. म्हणजे मृत्यू १७ मार्चच्या रात्री. कात्रण कापताना ती तारखेची ओळच कापली गेली असेल, तर अंक पुन्हा शोधण्याला पर्याय नाही. शोधताना आवृत्तीही बघावी लागते. जिल्ह्याच्या पानावरची बातमी नागपूरच्या आवृत्तीत असेलच असे नाही.

पण १७ ची रात्र म्हणजे मध्यरात्रीच्या अलीकडे की पलीकडे? आपल्याकडे उजाडल्याशिवाय दिवस बदलत नाही, घड्याळाचा दिवस मात्र बाराला बदलतो. लोकमान्य टिळकांचे निधन मुंबईच्या सरदारगृहात मध्यरात्रीनंतर पाऊण तासाच्या आतच झाले, म्हणून तारीख १ ऑगस्ट १९२० धरतात. घरच्या बोलण्यात अशी वेळ सहज ‘३१ तारखेची रात्र’ होते. आपल्या मुख्याध्यापकांच्या बाबतीत ही गाठ सोडवायला तेरवीची सूचना उपयोगी पडते. तेरवी ३० मार्चला असल्याचे छापले असेल, तर तो दिवस धरून तेरा दिवस मागे मोजले की १८ मार्च येतो. २९ ला असेल तर १७. अर्थात सोयीसाठी तेरवी पुढेमागे केली जाते, म्हणून हा आधार जोडीला घ्यायचा, एकट्याने नाही. नगर परिषद किंवा ग्रामपंचायतीच्या मृत्यूनोंदीत तारीख मिळाली तर उत्तम; तिथेही नोंद कुणी आणि किती दिवसांनी केली, हे बघावे.

वर्षानंतरच्या पुण्यस्मरणाच्या जाहिरातीवरून तारीख काढणारे हमखास फसतात. वर्षश्राद्ध तिथीने होते आणि चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचे. म्हणून मार्चच्या मध्याला गेलेल्या माणसाचे पहिले पुण्यस्मरण पुढच्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात येते. मधे अधिक महिना आला तर ते उलट काही दिवस पुढे ढकलले जाते. जाहिरातीवरची तारीख ही त्या कार्यक्रमाची तारीख आहे, मृत्यूची नव्हे.

आता वय. सगळ्यात जास्त चुका इथेच सापडतात. ‘८१ व्या वर्षी’ याचा सरळ अर्थ ८० पूर्ण, ८१ वे चालू. टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा. निधनावेळी त्यांना ६४ पूर्ण होऊन नऊ दिवस झाले होते, म्हणजे ६५ वे चालू होते. ‘६५ व्या वर्षी’ हे वाचून कुणी १९२० मधून ६५ वजा केले, तर जन्म १८५५ निघतो आणि एक वर्ष चुकते. आपल्या कात्रणाचा हिशेब शब्दशः धरला तर जन्म मार्च १९१३ ते मार्च १९१४ च्या दरम्यान पडतो. पण पूर्ण झालेल्या वयालाही ‘व्या वर्षी’ म्हणण्याची सवय सर्रास आहे. तसे असेल तर मार्च १९१२ ते मार्च १९१३. म्हणजे या बातमीतून हाती येतो तो दोन वर्षांचा पट्टा. एक वर्ष पक्के म्हणून लिहिणे म्हणजे बातमीत नसलेली माहिती तिच्या तोंडी घालणे.

पट्टा अरुंद करायला नोकरीचा आधार घ्यावासा वाटतो. समजा, ते १९७१ साली ५८ वर्षे पूर्ण करून निवृत्त झाले, म्हणजे जन्म १९१३. जुळले खरे, पण थांबावे. सेवापुस्तकातली तारीख शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीतून आलेली असते आणि तिथे नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने १ जून किंवा १ जुलै लिहिलेला असण्याची शक्यता मोठी. घरचे जे वय सांगतात, तेही बऱ्याचदा त्याच कागदावरून. मग बातमी, सेवापुस्तक आणि शाळेचा दाखला हे तीन पुरावे दिसत असले तरी मूळ एकच आहे. वेगळा पुरावा म्हणजे जन्मावेळी केलेली नोंद. वऱ्हाडात त्यासाठी कोतवाल बुकाची नक्कल मागतात. त्या नोंदीत बाळाचे नाव नसून ‘मुलगा’ एवढेच असू शकते, तेव्हा बापाचे नाव आणि भावंडांचा क्रम लावून बघावा लागतो.

ही नक्कल शोधताना जिल्हा आडवा येतो. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. १९९४ च्या कात्रणात ‘जि. अकोला’ असेल तर ते बरोबरच आहे. उलट, पुढे छापलेल्या गौरवलेखात १९१३ चा जन्म ‘वाशीम जिल्ह्यात’ असे लिहिले, की नातू केवळ वाशीमला शोधत बसतो. १९०५ पूर्वी इंग्रजी कागदांत ‘बासीम’ नावाचा वेगळा जिल्हा होता, नंतर तो मोडून त्यातला वाशीमकडचा भाग अकोल्यात विलीन झाला. म्हणून चौकशी दोन्ही ठिकाणी करावी. शिवाय मालेगाव नाशिक जिल्ह्यातही आहे, बारामतीजवळही आहे. सरकारी यादीत आपले गाव ‘मालेगाव जहांगीर’ आहे, हे अर्जात लिहिले तर गोंधळ टळतो.

नात्यांच्या ओळीत चूक कमी असते, पण गाळलेले खूप असते. ‘पश्चात’ म्हणजे त्या दिवशी हयात असलेले. आधी वारलेला मुलगा, पहिली पत्नी, लहानपणी गेलेली भावंडे त्यात येणार नाहीत. ‘दोन मुले, तीन मुली’ वाचून पाचच अपत्ये झाली असे धरू नये. ‘पत्नी’ला तर नावच नाही, तिचे माहेरचे नाव मिळवायला तिच्या भावाच्या किंवा वडिलांच्या निधनवार्तेकडे जावे लागते आणि तिथेही बहिणींचा फक्त आकडा असण्याची शक्यता आहे. लग्नानंतर नाव बदलण्याच्या प्रथेमुळे हा धागा सर्वांत आधी तुटतो. घरातली म्हातारी माणसे बोलती आहेत तोवर प्रत्येक आजीचे दोन्ही नावांनी टिपण करून कात्रणाला जोडावे.

आणि मृत्यूची बातमीच चुकीची असू शकते का? मार्च १९७९ मध्ये जयप्रकाश नारायण मुंबईच्या जसलोक रुग्णालयात हयात असताना पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी संसदेत त्यांच्या निधनाची घोषणा केली होती. जयप्रकाशजी गेले ते ८ ऑक्टोबरला. गावच्या बातमीत असा घोळ क्वचित होतो. चुकीचे छायाचित्र, चुलत्याचे नाव, मुलांची अदलाबदल हे जास्त. त्याची दुरुस्ती आठवडाभरात कुठेतरी दोन ओळींत छापलेली असते. मूळ कात्रण जपणाऱ्याने ती सहसा जपलेली नसते, म्हणून बातमीनंतरचे आठ-दहा अंक चाळावेत. तेरवीची सूचना, शोकसभेचे वृत्त आणि आभाराची जाहिरात त्याच अंकांत सापडते. शोकसभेत बोलणारे सहकारी बातमीत न आलेली शाळा किंवा बदलीचे गाव सांगून जातात.

वहीत लिहिताना आकड्याबरोबर तो कुठून आला हेही लिहावे : ‘मृत्यू १७/१८ मार्च १९९४ ची रात्र, बातमी दि. १८, अंक २१ मार्च. जन्म मार्च १९१२ ते मार्च १९१४, वय बातमीवरून. शाळेची तारीख १ जुलै १९१३, अंदाजे वाटते. कोतवाल बुक बघायचे आहे.’