टाकीतलं शेवाळ, तळातला गाळ

गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीचं झाकण तडकलं की त्या फटीतून आत ऊन जातं आणि काही आठवड्यांत भिंतींना हिरवा बुळबुळीत थर चढतो. गाळाचं कारण वेगळं. घरात पाणी नेणारा पाइप टाकीच्या तळापासून काही इंच वर बसवलेला असतो. त्यामुळे नळाच्या पाण्याबरोबर आलेली बारीक माती त्याखाली साचत राहते. टाकी पार रिकामी होऊन पुन्हा जोरात भरली, की तीच माती ढवळून नळाला गढूळ पाणी येतं.

सफाईआधी पंप बंद करावा, टाकीत येणारं पाणी थांबवावं आणि आतलं पाणी वापरून संपवावं. तळाशी वीतभर पाणी मात्र राहू द्यावं, कारण ओलं शेवाळ पटकन सुटतं. घरात जाणाऱ्या पाइपच्या तोंडात आतून फडक्याचा बोळा बसवावा. तो विसरला, तर सुटलेलं शेवाळ थेट गीझरमध्ये आणि शॉवरच्या जाळीत जाऊन बसतं. मग लांब दांड्याच्या नायलॉन ब्रशने भिंती वरून खाली घासाव्यात. साबण नको, तारेची घासणीही नको. तिचे ओरखडे पडले की शेवाळाला चिकटायला जागा मिळते. गाळ तळाच्या वॉशआऊटमधून सोडावा, उरलेला मगाने आणि फडक्याने उचलावा.

निर्जंतुकीकरण घासून झाल्यावरच करायचं. गाळ असेल तर क्लोरीन त्यातच खर्ची पडतं. दहा लिटर पाण्यात ताज्या ब्लीचिंग पावडरचे सपाट दोन चहाचे चमचे ढवळावेत, चुन्याचा साका खाली बसू द्यावा आणि वरचं निवळ पाणी भिंतींना लावावं. अर्ध्या तासाने टाकी दोनदा धुवावी, ते पाणी बाहेर सोडावं, बोळा काढावा आणि टाकी भरल्यावर घरातले सगळे नळ थोडा वेळ सोडून ठेवावेत. हातमोजे आणि चष्मा हवेतच. ब्लीचिंगमध्ये अॅसिड किंवा संडास साफ करायचं द्रावण कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

हजार लिटरच्या टाकीत उतरण्याची गरजच नसते, तोंडातून ब्रश पोचतो. मोठ्या सिमेंटच्या किंवा जमिनीखालच्या टाकीत खरा धोका हवेचा असतो. मार्च २०२५ मध्ये मुंबईत नागपाड्याला बांधकाम सुरू असलेल्या इमारतीची जमिनीखालची टाकी साफ करताना चार कामगार गुदमरून मरण पावले. बंद टाकीत कुजणारा गाळ ऑक्सिजन खाऊन टाकतो, आणि वास आला नाही म्हणून हवा चांगली असं मुळीच नाही. अशी टाकी प्रशिक्षित लोकांकडूनच साफ करून घ्यावी. त्यांनी हवा मोजणं, पंख्याने ती खेळती ठेवणं आणि बाहेर दोर धरून माणूस उभा ठेवणं आवश्यक आहे. पेट्रोलवर चालणारा पंप आत उतरवू नये. आतला माणूस कोसळला, तर मागोमाग उडी न मारता १०१ला फोन करावा.

गच्चीवरची टाकी धुऊन झाली की तडकलेलं झाकण त्याच दिवशी बदलावं आणि ओव्हरफ्लोच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी, म्हणजे डासही आत जात नाहीत. शेवाळ पुन्हा दिसलं तर पावडर वाढवू नका, ऊन कुठून शिरतंय ते शोधा.