तीन टिंबांचा अर्थ काय घ्यायचा?

«रिपोर्ट पाहिला... उद्या बोलू...» पन्नाशीतल्या साहेबांच्या लेखी हा साधा निरोप असतो. पंचविशीतली सहकारी मात्र तो वाचून रात्रभर विचार करते, नक्की काय चुकलं?

भाषाशास्त्रज्ञ ग्रेचेन मॅककुलक यांनी २०१९च्या ‘बिकॉज इंटरनेट’ या पुस्तकात याची उकल केली आहे. पोस्टकार्डावर जागा कमी असे, त्यामुळे टिंबं किंवा रेघा देऊन पुढचा विचार त्याच ओळीत सुरू करायची सवय जुन्या पिढीला लागली. फोनवर वाढलेली पिढी प्रत्येक विचार वेगळ्या मेसेजात पाठवते. तिला टिंबांची गरजच पडत नाही, म्हणून ती दिसली की काहीतरी मनात ठेवलंय असं वाटतं.

उद्गारचिन्हांचं दुखणं वेगळं. नुसतं «ठीक आहे.» रागाचं वाटेल, या धास्तीने आपण «ठीक आहे!» लिहितो. सगळेच तसं लिहू लागले की एका चिन्हाला किंमत उरत नाही. मग तीन लागतात, आणि ज्याने एकही दिलं नाही तो तुसडा ठरतो.

हिशेब विभागातला हा मेसेज पाहा : «नमस्कार मॅडम! मार्चचं बिल अजून पाठवलं नाहीत... प्लीज आज पाठवा!! धन्यवाद!!!» यातली चिन्हं काढली, तर उरतो एक ठपका आणि एक हुकूम. चिन्हांनी तो फक्त झाकला होता. आता हे वाचा :

«नमस्कार मॅडम. फेब्रुवारीचं बिल तुम्ही वेळेत दिल्यामुळे पैसे लगेच सोडता आले. मार्चचं तेवढं राहिलंय. आज पाचपर्यंत मिळालं, तर याच आठवड्यात पेमेंट होईल. जमणार नसेल तर कळवा, सोमवारच्या यादीत घेतो.»

इथे एकही उद्गारचिन्ह नाही, तरी मेसेज कोरडा वाटत नाही. «पाठवलं नाहीत» म्हटलं की बोट समोरच्याकडे जातं. «राहिलंय» म्हटलं की कामाकडे. «तेवढं»मुळे मागणी लहान होते. «मिळालं तर» म्हटल्याने हुकमाची धार जाते. घाई का आहे ते कळतं आणि नाही म्हणायची वाटही मोकळी राहते. मात्र आधीचं कौतुक खरं हवं. फेब्रुवारीचं बिलही उशिरा आलं असेल, तर ते वाक्य टोमणा ठरेल.

चिन्हांना सरसकट बंदी नको. बढती मिळालेल्या सहकाऱ्याला «मनापासून अभिनंदन!» शोभतंच. अवतरणातले शब्द गाळले, तर तिथे टिंबं हवीतच. एरवी पाठवण्याआधी सगळी चिन्हं काढून मेसेज एकदा वाचावा. तो उद्धट वाटला, तर वाक्य बदलायला हवं.